कर्ज फिटलं, कागद कुठे आहेत?

गृहकर्ज फिटलं की घरात पेढे येतात आणि मोबाइलवर बँकेचा मेसेज येतो. बहुतेकांचं प्रकरण तिथेच संपतं. आमचंही संपलं असतं. पण आम्हाला कोसाडचा फ्लॅट विकायचा होता, त्यामुळे त्या मेसेजच्या पुढे काय काय असतं ते सगळं बघायला मिळालं. मंडळातले बरेच जण अमरोली, कोसाड, छापराभाठा या पट्ट्यात कर्ज काढून घर घेतलेले आहेत. पुढच्या दहा वर्षांत एकेकाचं कर्ज फिटत जाईल. म्हणून बँकेला लिहिलेल्या एका साध्या पत्राची गोष्ट जरा सविस्तर सांगतो.

आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, बिल्डिंगला लिफ्ट नाही. पप्पा पांडेसराच्या डाइंग मिलमधून रिटायर झाले आणि आईचे गुडघे त्याच सुमारास बोलायला लागले. तळमजल्यावरचं घर बघितलं, बाना देऊन टाकला. जुन्या फ्लॅटलाही गिऱ्हाईक मिळालं. एम्ब्रॉयडरीच्या धंद्यातला एक सौराष्ट्रातला मुलगा, सरळ माणूस. त्याच्याशी साटाखत झालं. (आपल्या गावाकडे साठेखत म्हणतात, इकडे साटाखत. अर्थ तोच.) त्यात अट अशी होती की ३० सप्टेंबर २०२४ पर्यंत आम्ही सगळे मूळ कागद त्याच्या बँकेला दाखवायचे. तो स्वतः कर्ज काढून घेत होता. त्याचे पैसे आले तरच आमच्या नव्या घराचे पैसे जाणार होते. दोन घरं एकाच दोरीला बांधलेली.

कर्ज पप्पांच्या आणि माझ्या नावावर होतं. बाकी उरली होती ४,२०,००० रुपये, व्याज ९ टक्के. पप्पांच्या ग्रॅच्युइटीतून ते एकदम फेडायचं ठरलं. बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर बँक व्यक्तीकडून मुदतीआधी फेडण्याचा दंड घेऊ शकत नाही. रिझर्व्ह बँकेचा हा नियम २०१२ पासून आहे, त्यामुळे ती भीती नव्हती. बँकेकडून रीतसर हिशेबाचा कागद घेतला. त्यात ९ जुलैपर्यंतचं व्याज धरून रक्कम लिहिलेली होती. त्याच दिवशी चेक दिला. चेक वटून पैसे कर्जखात्यात जमा झाले ११ जुलैला.

पहिली गंमत इथे झाली. ४,२०,००० वर ९ टक्क्यांनी एका दिवसाचं व्याज १०३ रुपये ५६ पैसे होतं. दोन दिवसांचे २०७ रुपये. शाखेतल्या बेन स्क्रीनकडे बघून म्हणाल्या, "लोन क्लोज थई गई छे, भाई." मी खात्याचा उतारा मागितला, तर शेवटच्या ओळीत २०७ रुपये बाकी दिसत होती. म्हणजे सगळे पैसे भरले असं सगळेच म्हणत होते, आणि खातं मात्र उघडंच होतं. माझ्या रोजच्या कामात हे नेहमीचं आहे. एका टेबलमध्ये व्यवहार पूर्ण, दुसऱ्या टेबलमध्ये स्टेटस अजून 'ॲक्टिव्ह', आणि ग्राहकाला दाखवणारा माणूस तिसराच स्क्रीन बघतोय. १२ जुलैला ते २०७ रुपये भरले, पावती घेतली, आणि पुन्हा उतारा काढला. आता शेवटची बाकी शून्य आणि खात्यापुढे 'बंद'. ही तारीख, १२ जुलै, पुढे सगळ्यात महत्त्वाची ठरली.

का, ते सांगतो. १३ सप्टेंबर २०२३ ला रिझर्व्ह बँकेने एक परिपत्रक काढलं. त्याआधी बँकांच्या ग्राहकसेवेचा आढावा घ्यायला बी. पी. कानुनगो यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. कर्ज फिटल्यावर घराचे कागद परत द्यायला मुदत घाला आणि उशीर झाला तर भरपाई ठेवा, असं तिने सुचवलं होतं. परिपत्रकाचा गाभा एवढाच: पूर्ण परतफेडीनंतर ३० दिवसांत बँकेने सगळे मूळ कागद परत द्यायचे आणि कुठल्याही नोंदवहीत आपला बोजा चढवलेला असेल तर तो उतरवायचा. बँकेच्या कारणाने उशीर झाला तर दर दिवसाला ५,००० रुपये कर्जदाराला द्यायचे. १ डिसेंबर २०२३ पासून ज्यांचे कागद परत देणं होतं त्या सगळ्यांना हे लागू झालं. कागद कुठून घ्यायचे, जिथे कर्जखातं होतं त्या शाखेतून की जिथे कागद ठेवले आहेत त्या दुसऱ्या ऑफिसमधून, हेही कर्जदाराने सांगायचं.

एक मर्यादा मात्र लक्षात ठेवायला हवी, कारण सुरतेत ती फार जणांना लागते. हा नियम रिझर्व्ह बँक ज्यांना वैयक्तिक कर्ज म्हणते त्यांच्यासाठी आहे. त्यात गृहकर्ज येतं, शिक्षणाचं कर्ज येतं. पण लूम बसवायला, दुकानाला किंवा जॉबवर्कच्या धंद्याला कर्ज काढून त्यासाठी फ्लॅट तारण ठेवला असेल, तर रोजच्या ५,००० चा मुद्दा तिथे चालत नाही. कागद परत मागायचा हक्क तिथेही आहेच, फक्त घड्याळ तुमच्या बाजूने एवढं जोरात टिकटिक करत नाही.

पण बँकेला मूळ कागद लागतातच कशाला? नोंदणी झाली आहे, सरकारकडे नक्कल आहे, मग? माझाही हा प्रश्न होता. उत्तर १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात आहे. त्याच्या ५८ व्या कलमात गहाणाचे जे प्रकार दिले आहेत, त्यातला एक म्हणजे हक्काचे कागद जमा करून केलेलं गहाण. सरकारने अधिसूचित केलेल्या शहरांत तुम्ही तारण म्हणून मूळ दस्तावेज सावकाराच्या हातात दिला की गहाण झालं. आपली बहुतेक गृहकर्जं अशीच असतात. म्हणजे तो कागद गहाणाचा पुरावा तर आहेच, पण जवळजवळ गहाणच तो आहे. म्हणून फ्लॅट विकत घेणाऱ्याचा वकील पहिला प्रश्न विचारतो: मूळ दस्तावेज कुठे आहे? तो मालकाच्या हातात नसेल, तर कुणाच्या तरी हातात असणार, आणि ज्याच्या हातात आहे त्याचा हक्क असू शकतो. बँकेचं "कर्ज फिटलं" असं पत्र असलं तरी वकिलाची ही शंका पूर्ण जात नाही. त्याच कायद्याच्या ६० व्या कलमात मग उलट बाजूही आहे. पैसे फेडले की गहाण ठेवणाऱ्याला आपले कागद परत मागता येतात.

आता पत्राकडे येतो. शाखेत गेलं की एक छापील अर्ज मिळतो. त्यावर नाव, खाते क्रमांक, सही. तो भरायचाच, पण त्यावर थांबायचं नाही असं मी ठरवलं. कारण अर्जात आपण काय दिलं होतं ते कुठेच येत नाही. तिथे फक्त 'मूळ कागद' लिहिलेलं असतं. किती, कोणते, कधी दिले, काही नाही. माझं पत्र इंग्रजीत होतं, त्याचा मजकूर साधारण असा होता:

"प्रति, शाखा व्यवस्थापक. विषय: गृहकर्ज खाते पूर्ण फेडल्याचे लेखी प्रमाणपत्र व मूळ कागदपत्रे परत मिळण्याबाबत.

वरील कर्ज खात्यातील संपूर्ण रक्कम आम्ही दि. १२ जुलै २०२४ रोजी फेडली आहे. त्या तारखेचा शून्य बाकीचा उतारा व पावती सोबत जोडली आहे.

आम्हाला पुढील गोष्टी लेखी हव्यात. एक, हे कर्जखाते १२ जुलै २०२४ रोजी बंद झाले असून त्यात कोणतीही रक्कम येणे नाही आणि या फ्लॅटवर बँकेचा कोणताही हक्क उरलेला नाही, असे प्रमाणपत्र. दोन, सोबतच्या यादीतील सातही मूळ कागद. ते आम्ही या शाखेतूनच घेऊ. तीन, केंद्रीय नोंदवहीतील तारणाची नोंद काढल्याची माहिती. चार, हप्ता कापण्यासाठी दिलेली मंजुरी रद्द केल्याची माहिती आणि तारण म्हणून दिलेले तीन कोरे चेक.

रिझर्व्ह बँकेच्या १३ सप्टेंबर २०२३ च्या परिपत्रकानुसार याची मुदत ११ ऑगस्ट २०२४ ला संपते."

खाली पप्पांची आणि माझी सही. घर दोघांच्या नावावर असेल तर पत्रावर दोघांनी सही केलेली बरी. नाहीतर "दुसऱ्यांना घेऊन या" यात एक आठवडा जातो.

पहिल्या मागणीतले शब्द मी मुद्दाम निवडले होते. बँका जे नेहमीचं पत्र देतात त्यात "आजच्या तारखेला काही येणे नाही" एवढंच असतं. हे वाक्य खरं असतं, पण अपुरं असतं. येणे नसलं म्हणजे खातं बंद झालं असं नाही, आणि खातं बंद झालं म्हणजे तारण सोडलं असं नाही. एकाच तारणावर दुसरं टॉप-अप कर्ज असेल, किंवा तुम्ही कुणाला जामीन राहिला असाल, तर बँक कागद धरून ठेवू शकते. खातं बंद, रक्कम शून्य, फ्लॅटवरचा हक्क संपला, असे तिन्ही शब्द वेगवेगळे आले पाहिजेत. आम्हाला आधी आलेलं पत्र "येणे नाही" वालंच होतं. ते परत करून दुसरं घेतलं.

यादीची गोष्ट पप्पांमुळे झाली. कर्ज घेताना बँकेने जमा केलेल्या कागदांची यादी दिली होती, खाली शिक्का आणि सही. पप्पांनी ती निळ्या प्लास्टिकच्या पिशवीत, रेशनकार्डाच्या खाली, दहा वर्षं ठेवली होती. मी त्या पिशवीवर कितीदा हसलो असेन. यादीत सात गोष्टी होत्या. आमच्या खरेदीचा मूळ दस्तावेज, त्याची नोंदणी पावती, इंडेक्स-२, आमच्या आधीच्या मालकाने बिल्डरकडून घेतला त्याचा मूळ दस्तावेज, त्याची पावती, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, आणि बिल्डरचं वाटप व कब्जा पत्र. आमचा फ्लॅट दुसऱ्या हाताचा, म्हणून आधीचा दस्तावेज. याला साखळी म्हणतात. घर बिल्डरकडून तुमच्यापर्यंत कसं आलं, त्याची एकेक कडी मूळ कागदाने दाखवायची.

१५ जुलैला पत्राच्या दोन प्रती घेऊन गेलो. एक दिली, दुसरीवर पोचेचा शिक्का, तारीख आणि सही घेतली. शिक्क्यासाठी वीस मिनिटं बसावं लागलं, कारण शिक्का ज्यांच्याकडे असतो ते जेवायला गेले होते. बसलो. घरी आल्यावर तेच पत्र पीडीएफ करून बँकेच्या ग्राहकसेवेच्या ईमेलवर पाठवलं. लगेच तक्रार क्रमांक आला. खरं तर ३० दिवस पत्राच्या तारखेपासून मोजत नाहीत, पूर्ण परतफेडीपासून मोजतात. पत्राने घड्याळ सुरू होत नाही. पण घड्याळ चालू आहे हे दोघांनाही ठाऊक होतं, याचा पुरावा पत्रच देतं.

कागद शाखेत नसतात, ही माहिती तिथे कळली. तुम्ही सुरतेत दिलेले कागद कुठल्या तरी मोठ्या गोदामात जातात, पाकिटावर बारकोड लावून. कर्ज फिटलं की शाखा मागणी टाकते, गोदाम पाकीट शोधतं, कुरियरने पाठवतं, शाखा उघडून बघते. यातला प्रत्येक टप्पा वेगळ्या लोकांकडे. शाखेतल्या बेन खरंच चांगल्या होत्या. पण त्यांच्या हातात फक्त मागणीचं बटण होतं.

६ ऑगस्टला फोन आला, पाकीट आलं आहे. पप्पा आणि मी दोघंही गेलो, यादी घेऊन. काउंटरवर आधी पोचपावतीचा फॉर्म पुढे आला. त्यावर छापलेलं होतं की सर्व मूळ कागद पूर्ण व सुस्थितीत मिळाले. पप्पा म्हणाले, "आधी बघू दे, मग सही." एकेक कागद काढून यादीवर टिक करत गेलो. सहा निघाले. क्रमांक चार, आधीच्या मालकाचा मूळ दस्तावेज, नव्हता. पाकिटात त्याची झेरॉक्स होती, चांगली स्वच्छ, वर प्लास्टिकचं कव्हर. घाईत बघितलं असतं तर तोच मूळ समजून घरी घेऊन आलो असतो. मूळ कागद ओळखायला सोपा असतो. स्टॅम्प पेपरच्या मागे दाबाच्या खुणा लागतात, अंगठ्याची शाई कागदात मुरलेली असते, सब-रजिस्ट्रारच्या शिक्क्याचा रंग बोटाला जाणवतो. झेरॉक्स सगळीकडे सारखी गुळगुळीत.

मी फॉर्मवर पेनने लिहिलं: "यादीतील क्र. ४ मिळालेला नाही. बाकी सहा मिळाले." हे त्यांना आवडलं नाही. फॉर्मवर हाताने लिहिता येत नाही, असं म्हणाले. मी म्हटलं, मग सहाच कागदांचा वेगळा फॉर्म द्या. शेवटी पेनने लिहिलेलाच घेतला. त्याचा फोटो काढला.

मग सुचवणी आली की सब-रजिस्ट्रारकडून प्रमाणित नक्कल काढून घ्या, हजार-दोन हजारात काम होतं. नक्कल निघते हे खरं आहे. पण आमच्या गिऱ्हाइकाच्या बँकेचा वकील नकलेवर राजी होईना. मूळ हरवला असेल तर पोलिसांत नोंद, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस आणि हमीपत्र लागेल, म्हणाला. आणि एवढं करूनही तो कागद कुणी दुसरीकडे तारण ठेवलाच नसेल याची खात्री कोण देणार? आमच्या पोटात गोळा आला तो इथे. ३० सप्टेंबर जवळ येत होती, आणि तळमजल्याच्या घराचा बाना गेला असता.

बँकेकडे कागद हरवणं ही काही कल्पनेतली गोष्ट नाही. बंगळूरुच्या एका ग्राहकाने २०१६ मध्ये एका मोठ्या खासगी बँकेकडून गृहकर्ज घेतलं होतं. त्याचे मूळ कागद बंगळूरुहून हैदराबादच्या साठवण केंद्रात जाताना कुरियरमध्ये हरवले. प्रकरण राष्ट्रीय ग्राहक आयोगापर्यंत गेलं आणि २०२३ मध्ये आयोगाने २५ लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. वाचून धीर येण्याऐवजी मला सात वर्षंच दिसली. आम्हाला २५ लाख नको होते, चाळीस-पन्नास पानांचा एक दस्तावेज हवा होता.

रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकात हरवलेल्या कागदांसाठी वेगळी तरतूद आहे. कागद हरवले किंवा खराब झाले तर बँकेने नक्कल मिळवायला मदत करायची, त्याचा खर्च बँकेने सोसायचा, आणि भरपाई त्याशिवाय. पण हे करायला बँकेला आणखी ३० दिवस मिळतात. म्हणजे रोजच्या ५,००० चा हिशेब तिथे ६० दिवसांनंतर सुरू होतो. त्यामुळे कागद 'उशिरा' आहे की 'हरवला' आहे, हा शब्दांचा खेळ राहत नाही.

१२ ऑगस्टला, मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवशी, दुसरं पत्र दिलं. त्यात रागावून काही लिहिलं नाही. दोनच गोष्टी विचारल्या. क्रमांक चारचा कागद उशिरा आहे की हरवला आहे, ते लेखी सांगा. आणि उशिराचं कारण लेखी सांगा. दुसरी गोष्ट परिपत्रकातच आहे, उशीर झाला तर बँकेने कारण कळवायचं असतं. माझा अनुभव असा की "लवकर द्या" असं लिहिलं की ते पत्र ढिगात जातं. "कारण लिहून द्या" म्हटलं की कुणीतरी एक माणूस सही करायला लागतो, आणि सही करायच्या आधी तो खरंच जाऊन बघतो.

२० ऑगस्टला उत्तर आलं, शोध सुरू आहे. हरवला आहे असं कुणी लिहून दिलं नाही. २ सप्टेंबरला शाखेतून फोन. दस्तावेज सापडला. आमच्याच बिल्डिंगमधल्या दुसऱ्या एका कर्जदाराच्या पाकिटात होता. आमचा फ्लॅट ३०२, त्यांचा २०३. कुणाच्या तरी हातून दहा वर्षांपूर्वी आकडे उलटे वाचले गेले असणार. त्या २०३ वाल्यांचं कर्ज अजून सात वर्षं चालणार होतं. आम्ही यादी घेऊन बसलो नसतो, तर आमच्या साखळीची एक कडी तोवर त्यांच्या पाकिटात झोपून राहिली असती.

बोजाचं काम तेवढ्यात सुरळीत झालं होतं. बँका गहाणाची नोंद 'सर्साई' नावाच्या केंद्रीय नोंदवहीत करतात, ही २०११ पासून सुरू आहे. cersai.org.in वर थोडं शुल्क भरून कुणालाही शोध घेता येतो. मी १४ ऑगस्टला घेतला तेव्हा तारण मोकळं झाल्याची नोंद दिसली. त्याचं पान छापून गिऱ्हाइकाच्या वकिलाला दिलं. गावाकडे शेतीवर कर्ज असेल त्यांनी एवढ्यावर थांबू नये. तिथे सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात बोजा चढलेला असतो. तो उतरवायला बँकेचं पत्र घेऊन तलाठ्याकडे जावं लागतं, सर्साईतून नोंद गेली म्हणून सातबाऱ्यावरची आपोआप जात नाही.

हप्त्याचंही एक सांगून टाकतो. कर्ज बंद झालं तरी हप्ता कापायची मंजुरी वेगळी असते. आमच्या सोसायटीतल्या एकाच्या खात्यातून कर्ज फेडल्यावर पुढच्या महिन्यात हप्ता पुन्हा कापला गेला आणि परत यायला तीन आठवडे लागले. म्हणून पत्रात तिची वेगळी ओळ होती.

भरपाईबद्दल घरात दोन मतं होती. आई म्हणाली, कागद मिळाला ना, सोडून दे. पप्पा काही बोलले नाहीत, पण यादी अजून पिशवीत परत ठेवली नव्हती. मी हिशेब केला. ११ ऑगस्ट ते २ सप्टेंबर २२ दिवस, १,१०,००० रुपये. मागितले. बँकेचं म्हणणं आलं की कागद गहाळ होता, म्हणून ६० दिवस धरायचे. ते १० सप्टेंबरला संपतात, त्याआधी कागद दिला, म्हणजे देणं शून्य. मी ९ सप्टेंबरला बँकेच्या वरिष्ठ तक्रार अधिकाऱ्याला लिहिलं की कागद हरवला असं तुम्ही एकदाही लेखी कळवलं नाही, नकलेसाठी खर्च केला नाही, नोटीस दिली नाही. तो तुमच्याच गोदामात दुसऱ्या पाकिटात होता. सापडलेल्या कागदाला हरवलेला कसं म्हणायचं? ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जायचं ठरवलं होतं. अर्ज लिहूनही ठेवला होता. लोकपालाकडे जायच्या आधी बँकेकडे लेखी तक्रार केलेली असावी लागते, नाहीतर अर्ज तसाच परत येतो. शिक्क्याच्या प्रती तिथे उपयोगी पडतात. त्याची गरज पडली नाही. ४ ऑक्टोबरला पप्पांच्या बचत खात्यात रक्कम जमा झाली. सोबत पत्र नाही, फोन नाही.

एक गोष्ट आमच्या बाबतीत आली नाही, पण अमरोलीतल्या एका ओळखीच्या घरी आली. कर्जदार वारला आणि बायको-मुलांनी कर्ज फेडलं. वारसांना कागद कसे देणार याची पद्धत प्रत्येक बँकेने ठरवून आपल्या वेबसाइटवर ठेवायची, असं त्याच परिपत्रकात आहे. तिथे त्यांनी आधी ती पद्धत छापून घेतली आणि त्यात लिहिलेले कागद मोजून नेले. शाखेत मग त्यांच्याकडे यादीबाहेरचं काही मागितलं गेलं तेव्हा तेच पान दाखवलं.

आमचा दस्तावेज २३ सप्टेंबरला झाला, मुदतीच्या आठवडाभर आधी. आई आता तळमजल्यावर राहते आणि संध्याकाळी ओट्यावर बसते. सब-रजिस्ट्रार ऑफिसातून बाहेर पडताना त्या मुलाने सगळे सात कागद आणि नवा आठवा, आमचा त्याला केलेला, त्याच्या बँकेच्या माणसाच्या हातात दिले. पप्पांनी त्याला विचारलं, "यादी घेतली का रे?" तो म्हणाला, मिळेल नंतर. पप्पा तिथेच उभे राहिले. रात्री त्या मुलाने व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवला. आठ नोंदी, खाली निळा शिक्का आणि तारीख.